आयजीबीटी काढून सिलिकॉन कार्बाइड बसवताय? आधी ही डबल पल्स चाचणी करा

तीन फेजच्या चार्जरचा एक जुना बोर्ड माझ्याकडे होता. आयजीबीटीवर चालणारा, वर्षानुवर्षे कुरकुर न केलेला. १२०० व्होल्टचे सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट हातात आल्यावर मी सरळ आयजीबीटी उपसून त्याच भोकांत ते बसवले. पायांचा क्रम तोच, आकार तोच, मग अडचण काय? ६०० व्होल्टला सगळं गोड चाललं. ८०० व्होल्टला 'फट्' असा आवाज झाला आणि टेबलाच्या पलीकडे बसलेला सहकारी एवढंच म्हणाला, "गेला का?" वरचा आणि खालचा, दोन्ही गेले होते.

दोष पार्टचा नव्हता. बोर्ड होता सावकाश चालणाऱ्या स्विचसाठी आखलेला आणि मी त्यावर दहापट चपळ स्विच बसवला होता. पुढे जे लिहिलंय ते ८०० व्होल्ट, २० अँपिअरच्या एका हाफ ब्रिजसाठी आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम मात्र हाच ठेवा.

आधी हे जमवून ठेवा

- १२०० व्होल्ट, ७५ मिलिओहमचे सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट, चार पायांच्या पॅकेजमध्ये. मी `C3M0075120K` वापरतो. दोन लागतात, सहा घ्या. अधिकृत वितरकाकडूनच घ्या. बाजारात पुसून नव्याने छापलेले पार्ट फिरतात आणि ते ८०० व्होल्टलाच उघडे पडतात.
- आयसोलेटेड गेट ड्रायव्हर, १०० व्होल्ट प्रति नॅनोसेकंद किंवा त्याहून जास्त सहन करणारा.
- ४० मायक्रोफॅरडचा, किमान १००० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर आणि चिपच्या अगदी जवळ बसवायला ०.१ मायक्रोफॅरडचे काही छोटे सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर.
- ४७ किलोओहम, १० वॅटचे दोन रेझिस्टर. हे एकापुढे एक जोडून कपॅसिटरला कायमचे लावून ठेवायचे.
- १००० व्होल्टपर्यंत जाणारा डीसी सप्लाय. २०-३० मिलिअँपिअर मिळाले तरी पुरे.
- २०० मेगाहर्ट्झ किंवा वरचा ऑसिलोस्कोप, १००:१ चा हाय व्होल्टेज प्रोब, करंटसाठी कोॲक्सियल शंट.
- ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि दीड मिलिमीटरची एनॅमल्ड तार. का, ते पाचव्या पायरीत.
- चाचणीवर झाकायला ॲक्रिलिकची पेटी आणि डोळ्यांना चष्मा.

१. हा स्विच चपळ का, हे एकदा नीट समजून घ्या

ही पायरी ओलांडून पुढे जायचा मोह होईल, पण पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ इथेच आहे.

सिलिकॉनचा बँड गॅप १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, पॉवर डिव्हाइसमध्ये वापरतात त्या सिलिकॉन कार्बाइडचा सुमारे ३.२६ आणि गॅलियम नायट्राइडचा ३.४. गॅप रुंद म्हणजे जागच्या बांधणीतून इलेक्ट्रॉन सुटायला जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे तो पदार्थ फुटण्याआधी जवळजवळ दहापट तीव्र विद्युत क्षेत्र सोसतो. सिलिकॉनमध्ये ही मर्यादा सेंटीमीटरला ०.३ मेगाव्होल्टच्या आसपास आहे, सिलिकॉन कार्बाइडमध्ये २.५ च्या पुढे.

आता १२०० व्होल्ट अडवायचे आहेत असं धरा. चिपमधला जो थर हा दाब अंगावर घेतो तो सिलिकॉनमध्ये ८० मायक्रॉनच्या घरात ठेवावा लागतो, सिलिकॉन कार्बाइडमध्ये १० मायक्रॉन पुरतात. शिवाय त्या पातळ थरात अशुद्धीचं प्रमाणही खूप जास्त ठेवता येतं. थर पातळ आणि त्यात वाहक भरपूर, म्हणून चालू असतानाचा रोध एकदम खाली येतो.

सिलिकॉनच्या जाड थराचा रोध कमी करायला आयजीबीटीत एक युक्ती केलेली असते. चालू असताना थरात होल ओतून तो वाहकांनी भरून टाकतात. चालू असताना हे छानच, पण बंद करताना ते सगळे होल बाहेर निघेपर्यंत करंटची शेपटी मागे रेंगाळते. शेपटी आहे तोवर व्होल्टेजही पूर्ण चढलेलं असतं, म्हणजे दोन्ही मिळून निव्वळ उष्णता. सिलिकॉन कार्बाइडला ही युक्ती लागतच नाही, म्हणून शेपटीही नाही. माझ्या बेंचवर जुना आयजीबीटी एका चालू-बंद फेऱ्यात ३ मिलिज्यूल खात होता, हा मॉस्फेट ०.३५ मिलिज्यूल. १६ किलोहर्ट्झला आयजीबीटी ४८ वॅट तापायचा. मॉस्फेट ६० किलोहर्ट्झला २१ वॅटवर राहतो.

कमी भारावर काय होतं तेही बघा, कारण कॅटलॉगमध्ये ते ठळक दिसत नाही. आयजीबीटीवर करंट कितीही कमी असला तरी साधारण एक व्होल्ट पडतोच. मॉस्फेट मात्र नुसता रोध आहे. ५ अँपिअरला ७५ मिलिओहमवर ०.३८ व्होल्टच पडतो.

जाता जाता: ग्राइंडिंग व्हीलमधलं कार्बोरंडम ते हेच सिलिकॉन कार्बाइड. धार लावायला ते शतकाहून जास्त काळ वापरात आहे. त्याचा पहिला व्यापारी मॉस्फेट बाजारात यायला मात्र २०१०-११ उजाडलं. दगड करणं सोपं, निर्दोष स्फटिक करणं अवघड.

२. सिलिकॉन कार्बाइड की गॅलियम नायट्राइड, हे बसच्या व्होल्टेजवर ठरवा

गॅलियम नायट्राइडचा बँड गॅप जास्त, मग तेच का नको? कारण बाजारात मिळणारे बहुतेक गॅलियम नायट्राइड स्विच सिलिकॉनच्या तबकडीवर वाढवलेल्या पातळ थरात असतात आणि त्यांत करंट पृष्ठभागालगत आडवा वाहतो. व्होल्टेज वाढवायचं तर चिप आडवी पसरावी लागते. म्हणून बहुतेक माल ६५० व्होल्टच्या आसपास थांबतो. ४०० व्होल्टच्या बसवर, लॅपटॉपच्या चार्जरात किंवा सर्व्हरच्या सप्लायमध्ये ते उत्तम. त्यात बॉडी डायोड नाही, त्यामुळे रिव्हर्स रिकव्हरीही नाही.

पण त्याच्या गेटला ६ व्होल्ट लागतात आणि बहुतेकांची कमाल मर्यादा ७ च्या आसपास असते. मधल्या एका व्होल्टात तुमचा सगळा निष्काळजीपणा मावला पाहिजे. शिवाय व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तर सिलिकॉन कार्बाइड थोडा वेळ ॲव्हलांचमध्ये तग धरतो, गॅलियम नायट्राइडला ती सोय नाही. आपली बस ८०० व्होल्टची, म्हणून इथून पुढे फक्त सिलिकॉन कार्बाइड.

३. गेटचं व्होल्टेज नव्याने ठरवा

आयजीबीटीचा ड्रायव्हर जसाच्या तसा ठेवू नका. या मॉस्फेटला चालू करायला +१५ आणि बंद ठेवायला −४ व्होल्ट द्यायचे असतात. दुसऱ्या कंपनीचा किंवा जुन्या पिढीचा पार्ट असेल तर +१८ किंवा +२० ही असतील. डेटाशीटमध्ये कमाल मर्यादा आणि शिफारस अशा दोन वेगळ्या ओळी असतात. बघायची ती शिफारशीची.

गेटला १० व्होल्ट दिले तर साधा सिलिकॉन मॉस्फेट पूर्ण उघडतो, हा अर्धवटच उघडतो आणि तापत राहतो. त्यामुळे ड्रायव्हरचा सप्लाय पडला की तो कितीला स्वतःहून बंद होतो ते तपासा. ८ व्होल्टला बंद होणारा ड्रायव्हर इथे कुचकामी. १२ च्या आसपास बंद होणारा घ्या.

आणि −४ कशासाठी? खालचा मॉस्फेट बंद आहे आणि वरचा चालू झाला, तर मधल्या बिंदूचं व्होल्टेज नॅनोसेकंदाला ५० व्होल्टच्या वेगाने उसळतं. ड्रेन आणि गेट यांच्यामध्ये ५ पिकोफॅरड जरी धरले तरी त्यांतून ०.२५ अँपिअर गेटकडे ढकलला जातो. गेटच्या वाटेत आतला-बाहेरचा मिळून १० ओहम असेल तर गेट २.५ व्होल्टने वर उचललं जातं. या मॉस्फेटचा उंबरठाही २.५ च्या आसपास आहे, एखाद्या नगाचा १.८, आणि गरम झाला की तो आणखी खाली येतो. म्हणजे शून्यावर बंद ठेवलात तर खालचा आपोआप उघडणार आणि दोन्ही एकदम चालू होणार. −४ वरून २.५ ने उचललं तरी गेट −१.५ लाच राहतं. माझ्या त्या 'फट्' मागे जुन्या ड्रायव्हरचं शून्य व्होल्ट होतं, हे मला नंतर कळलं.

ड्रायव्हरला वीज देणारा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टरही याच हिशेबात बघा. त्याच्या दोन बाजूंमधला कपॅसिटन्स जास्त असेल तर तेच ५० व्होल्ट प्रति नॅनोसेकंद तुमच्या कंट्रोल बोर्डात करंट ढकलतात आणि प्रोसेसर विनाकारण रीसेट होत बसतो. डेटाशीटमध्ये हा आकडा ५ पिकोफॅरडच्या खाली असलेला शोधा.

४. पॉवरचा लूप आखडता घ्या

कपॅसिटरच्या प्लसपासून वरचा मॉस्फेट, खालचा मॉस्फेट आणि परत मायनस, या फेऱ्याला जेवढं क्षेत्रफळ तेवढा त्याचा इंडक्टन्स. करंट बदलला की त्यावर व्होल्टेज उभं राहतं. माझ्या जुन्या बोर्डाचा लूप १०० नॅनोहेन्रीचा होता. आयजीबीटी नॅनोसेकंदाला ०.३ अँपिअर बदलायचा, म्हणून ३० व्होल्ट जास्त यायचे, कोणाच्या लक्षातही नाही यायचं. मॉस्फेट नॅनोसेकंदाला ३ अँपिअर बदलतो, म्हणून ३०० व्होल्ट. ८०० अधिक ३००, आणि मर्यादा १२००.

लूप ३० नॅनोहेन्रीवर आणला की हेच ९० व्होल्ट होतात. त्यासाठी प्लस आणि मायनस पीसीबीच्या लगतच्या दोन थरांत एकमेकांवर पसरवा आणि ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर दोन मॉस्फेटच्या पायांना जवळजवळ चिकटवून बसवा. मोठा फिल्म कपॅसिटर दहा सेंटीमीटर लांब असला तरी चालतो, हे छोटे नाही चालत.

चार पायांचं पॅकेज घ्यायला सांगितलं तेही याचसाठी. तीन पायांच्या पॅकेजमध्ये सोर्सच्या एकाच पायातून पॉवरचा करंटही जातो आणि गेटचाही. त्या पायावर उभं राहणारं व्होल्टेज गेटच्या विरुद्ध लागतं आणि स्विच मंदावतो. चौथा पाय फक्त गेटच्या परतीसाठी आहे. बोर्डावर तो पॉवर सोर्सला जोडून टाकू नका. नवख्यांच्या पहिल्या बोर्डात ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की हल्ली आधी तेवढंच तपासतो.

५. डबल पल्स चाचणी मांडा

पूर्ण कन्व्हर्टर चालवण्याआधी स्विचला फक्त दोन पल्स द्यायचे. चिप तापत नाही, सप्लाय छोटा चालतो, आणि पूर्ण व्होल्टेज-करंटला स्विच कसा वागतो ते दिसतं.

वरच्या मॉस्फेटचं गेट −४ ला बांधून ठेवा. त्याच्या दोन टोकांना, म्हणजे प्लस आणि मधला बिंदू यांच्यामध्ये, कॉइल जोडा. चाचणी खालच्याची. पहिल्या पल्समध्ये कॉइलचा करंट सरळ रेषेत चढतो, आणि २० अँपिअर हवे असतील तर पल्सची लांबी अशी निघते:

```
t = L × I / V
t = 400 µH × 20 A / 800 V = 10 µs
```

दहा मायक्रोसेकंदांनी बंद करा. इथे बंद होतानाचं मोजमाप मिळालं. २ मायक्रोसेकंद थांबा, तेवढ्या वेळात करंट वरच्या बॉडी डायोडमधून फिरत राहतो. मग पुन्हा २ मायक्रोसेकंद चालू करा, इथे चालू होतानाचं मोजमाप मिळतं. एकूण करंट २४ अँपिअरपर्यंत जाईल. एक फेरी झाली की पुढची सेकंदाभराने.

कॉइलला फेराइटचा गाभा नको. तो वीसएक अँपिअरला सॅच्युरेट झाला तर करंटची सरळ रेषा वर वाकते आणि क्षणात हाताबाहेर जाते. त्यासाठीच पीव्हीसी पाइप. ११० मिलिमीटरच्या पाइपवर दीड मिलिमीटरच्या तारेचे ७५ वेढे एकाच थरात, शेजारी शेजारी घातले की जवळपास ४०० मायक्रोहेन्री मिळतात. वेढ्यांवर दुसरा थर चढवू नका. थरांमधला कपॅसिटन्स वेव्हफॉर्मवर खोटे काटे उठवतो.

८०० व्होल्टला भरलेल्या ४० मायक्रोफॅरडमध्ये जवळजवळ १३ ज्यूल असतात. सप्लायवर मिलिअँपिअरची मर्यादा लावली म्हणून हे ज्यूल कमी होत नाहीत. दोन ४७ किलोओहमचे रेझिस्टर कपॅसिटरला ५० व्होल्टपर्यंत आणायला दहा-अकरा सेकंद घेतात. तुम्ही अर्धा मिनिट थांबा, मीटर लावून शून्य बघा, मगच पेटी उघडा. रेझिस्टरचा एखादा सांधा सुटलेला असू शकतो, म्हणून मीटर प्रत्येक वेळी.

६. प्रोब खोटं बोलतोय का ते आधी बघा

पहिल्या दिवशी दिसणारी निम्मी रिंगिंग बोर्डात नसतेच, प्रोबच्या काळ्या वायरमध्ये असते. मगरीच्या चिमट्याची ती पंधरा सेंटीमीटरची वायर काढून टाका, टोकाला छोटी स्प्रिंग लावा आणि ती थेट सोर्सच्या पायावर टेकवा. मग वेव्हफॉर्म पुन्हा बघा. नेहमीचा १०:१ चा प्रोब इथे लावायचाच नाही, तो ८०० व्होल्टसाठी नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. व्होल्टेजचा प्रोब आणि करंटचा शंट यांच्या केबल वेगवेगळ्या लांबीच्या, म्हणून एकाचा सिग्नल दुसऱ्यापेक्षा काही नॅनोसेकंद उशिरा पोचतो. ५ नॅनोसेकंदांचा फरक म्हणजे ८०० × २० × ५ नॅनोसेकंद, ८० मायक्रोज्यूलची चूक. मोजायचे आहेत ३५० मायक्रोज्यूल! ऑसिलोस्कोपच्या डीस्क्यू मेनूमध्ये जाऊन हा फरक काढून टाका. नाहीतर चालू होतानाचा तोटा कमी आणि बंद होतानाचा जास्त, किंवा उलट दिसेल, आणि तुम्ही भलत्याच रेझिस्टरला दोष द्याल.

७. व्होल्टेज पायरीपायरीने चढवा

पल्स दहा मायक्रोसेकंदांचाच ठेवा आणि बस २०० वर आणा. करंट आपोआप ५ अँपिअर येईल. मग ४००, ६००, ८००. प्रत्येक पायरीला बंद होताना ड्रेनवर सर्वोच्च किती व्होल्ट आले ते कागदावर मांडा. तीन बिंदू झाले की रेघ ओढून ८०० ला काय येईल ते दिसतं. ती रेघ १००० च्या वर जात असेल तर पुढे जाऊ नका. गेटचा बंद करायचा रेझिस्टर वाढवा, ५ ओहमचा १० करा. तोटा थोडा वाढेल. रेझिस्टर वाढवत नेऊन स्विचचा वेग अर्ध्यावर आला तर समजा की लूपच लांब आहे, बोर्ड पुन्हा काढा.

दुसऱ्या पल्सच्या सुरुवातीला करंटवर एक उंच टोक दिसेल. थोडं टोक असणारच, वरच्या डायोडची रिकव्हरी तिथे होते आणि वरच्या मॉस्फेटचा कपॅसिटन्स भरतो. पण टोक व्होल्टेज चढवत नेल्यावर अचानक फुगत गेलं, किंवा मॉस्फेट ड्रायरने गरम केल्यावर फुगलं, तर वरचं गेट क्षणभर उघडतंय. −४ खरोखर पायावर पोचतंय का बघा.

८. फर्मवेअरमधले दोन जुने आकडे बदला

चाचणी पास झाली, आता कन्व्हर्टर चालवायचा. पहिला आकडा डेड टाइम, म्हणजे एक स्विच बंद करून दुसरा चालू करेपर्यंत दोन्ही बंद ठेवायचा वेळ. आयजीबीटीसाठी २ मायक्रोसेकंद ठेवलेला असतो. त्या वेळात करंट बॉडी डायोडमधून जातो आणि रुंद बँड गॅपमुळे त्यावर साडेचार व्होल्टच्या आसपास पडतात. २० अँपिअरला ९० वॅट! ६० किलोहर्ट्झला प्रत्येक फेऱ्यात दोनदा २ मायक्रोसेकंद म्हणजे २४ टक्के वेळ, म्हणजे जवळजवळ २२ वॅट नुसते डेड टाइममध्ये. स्विचिंगमध्ये वाचवलेलं सगळं इथे सांडतं. २०० नॅनोसेकंदांवर आणलंत की तेच २ वॅट होतात.

दुसरा आकडा शॉर्ट सर्किटचा. आयजीबीटी बहुधा १० मायक्रोसेकंद शॉर्ट सोसतो, म्हणून जुनं संरक्षण आरामात ५-६ मायक्रोसेकंदांनी जागं होतं. सिलिकॉन कार्बाइडची चिप लहान असल्यामुळे उष्णता साठवायला जागा नाही, २-३ मायक्रोसेकंदांत ती संपते. ड्रायव्हरच्या शॉर्ट ओळखणाऱ्या डीसॅट पिनवरचा कपॅसिटर लहान करून प्रतिसाद दीड मायक्रोसेकंदाच्या आत आणा, आणि बंद करताना झटका देऊ नका. शॉर्टमध्ये करंट शेकड्यात असतो आणि तो चटकन तोडला तर चौथ्या पायरीतलं ते ३० नॅनोहेन्री पुन्हा डोकं वर काढतं. सॉफ्ट टर्न ऑफची सोय असलेला ड्रायव्हर घेतला असेल तर हे काम तो करतो. मी दुसऱ्या बोर्डावर तोच घेतला.